दुकानाचं फेसबुक पेज आणि इन्स्टा दोन्ही हातचं गेलं, परत कसं मिळवायचं? (जळगाव)

बिबडेवाली
नमस्कार मंडळी. जळगावला आमचा बिबडे, कुरडया, केळीचे वेफर्स असा घरगुती व्यवसाय आहे. पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी बहुतेक पेजवरूनच येतात. पेज भाच्याच्या फेसबुक आयडीवरून सुरू केलेलं, इन्स्टा त्यालाच जोडलेलं.

परवा रात्री मेसेंजरवर 'पेज सपोर्ट' असं काहीतरी नाव असलेल्या खात्यावरून निरोप आला: तुमच्या रीलमधल्या गाण्यावर कॉपीराइटची तक्रार आहे, 24 तासांत अपील करा, नाहीतर पेज कायमचं बंद. भाच्याने दुवा उघडला, लॉगिन केलं, मोबाइलवर आलेला कोडही टाकला. सकाळी उठतो तर आयडी बाहेर फेकलेला. ईमेल बदललेला, नंबर बदललेला, आणि आता लॉगिन करायला गेलं की कुठल्याशा अ‍ॅपमधला सहा अंकी कोड मागतंय, जो आमच्याकडे नाहीच. पेजवर डॉलर दुप्पट करून देण्याच्या जाहिराती चालू आहेत. त्याही माझ्याच क्रेडिट कार्डावर!

माझ्या स्वतःच्या आयडीला पेजवर फक्त पोस्ट टाकायचा अधिकार आहे, तो अजून शाबूत आहे. जाहिरात खात्यावरही माझं नाव आहे. आता पहिलं काय करू? आणि मला हे कळत नाहीये की टू-स्टेप आमच्याकडे होतंच, एसएमएसवालं. मग गेलं कसं?

भुसावळ_जंक्शन
डॉलर दुप्पट? ताई, आधी लिंक पाठवा, मग आपण दुःख व्यक्त करू. 😄

आप्पा_धुळेकर
खाते हॅक झाले असल्यास तातडीने शाखेत जावे. पासबुक व आधार सोबत न्यावे. मॅनेजरकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. केवायसी नव्याने करावी लागेल.

भुसावळ_जंक्शन
आप्पा, बँकेचं नाही हो, फेसबुकचं खातं. शाखा कॅलिफोर्नियात आहे, पासबुक घेऊन कोण जाणार?

तापीकाठ
हसू नका, आप्पांचं अर्धं बरोबर आहे. पहिलं काम बँकेचंच आहे.

ताई, मी चोपड्याचा, सध्या पुण्यात छोट्या धंद्यांच्या जाहिराती बघतो. अशी प्रकरणं वरचेवर येतात. जाहिरात खात्यावर तुमचं नाव आहे ना? मग आत्ता आत जाऊन चालू जाहिराती थांबवा. पण तेवढ्यावर विसंबू नका, तो तिकडून परत चालू करेल. कार्ड काढून टाकायला गेलात तर बहुधा काढू देणार नाही, कारण बाकी रक्कम शिल्लक असली की मुख्य कार्ड हटत नाही. म्हणून बँकेला फोन करून कार्डच बंद करा आणि न केलेल्या व्यवहारांचा वाद लेखी नोंदवा. सोबत 1930 वर फोन, किंवा cybercrime.gov.in वर तक्रार. तिथला तक्रार क्रमांक जपून ठेवा, बँक आणि फेसबुक दोघांनाही दाखवायला लागतो.

आता पेजबद्दल. फेसबुक पेजला स्वतःचा पासवर्ड नसतो. पेज चालतं ते कुणाच्या तरी वैयक्तिक आयडीवरून. त्यामुळे पेज परत मिळवायचं म्हणजे भाच्याचा आयडी परत मिळवायचा. इन्स्टाचं तसं नाही, त्याला वेगळा पासवर्ड आहे, तो वेगळा सोडवावा लागेल.

भाच्याचा आयडी कोणत्या ईमेलवर होता? तो ईमेल आत्ता कोण उघडू शकतं? याचं उत्तर आधी द्या.

बिबडेवाली
कार्ड बंद केलं. तीन जाहिराती चालू होत्या, थांबवल्या. तुम्ही म्हणालात तसंच, तासाभरात एक परत चालू झालेली दिसली. पण आता पैसे कापले जात नाहीयेत.

ईमेल त्याच्या कॉलेजच्या काळातला जुना जीमेल आहे. पासवर्ड त्यालाच आठवत नाही. 🤦

गिरणामाय
एवढं कशाला? पासवर्ड बदला, टू-स्टेप लावा, विषय संपला. आणि सायबरला तक्रार दिली की पोलीस फेसबुकला कळवून पेज परत मिळवून देतात. माझ्या मेव्हण्याचं तसंच झालं.

तापीकाठ
गिरणामाय, पासवर्ड बदलायला आधी आत शिरायला हवं ना, ते दारच बंद आहे. आणि पोलीस तक्रार पैशासाठी महत्त्वाची, फेसबुकपुढे पुरावा म्हणूनही उपयोगी. पण आयडीची सूत्रं हातात देणं हे फेसबुकच्याच प्रक्रियेतून होतं. मेव्हण्यांनी तक्रारीसोबत ती प्रक्रियाही केली असेल, विचारून बघा.

ताई, आधी तो जीमेल सोडवा. रिकव्हरी फोन भाच्याचाच असेल तर जमेल. दुकानात किंवा घरात ज्या लॅपटॉपवर, ज्या वायफायवर तो नेहमी फेसबुक उघडायचा, तिथूनच सगळं करा. नवा मोबाइल, मित्राचं नेट वगैरे नको. ओळखीचं यंत्र आणि ओळखीची जागा दिसली की फेसबुक आणि गूगल दोघेही जास्त पर्याय देतात.

जीमेल उघडला की security@facebookmail.com वरून आलेली मेल शोधा. ईमेल बदलला तेव्हा फेसबुकने जुन्या पत्त्यावर कळवलेलं असतं, आणि त्यात 'हे मी केलेलं नाही' अशा अर्थाचा दुवा असतो. स्पॅम, ट्रॅश, सोशलचा टॅब, सगळीकडे बघा. इन्स्टासाठी तशीच मेल security@mail.instagram.com वरून. मेल सापडली नाही तर facebook.com/hacked आणि instagram.com/hacked. हे पत्ते हातानेच टाइप करा, आलेल्या कुठल्याही निरोपातून जाऊ नका.

डिजिटल_रिकव्हरी_गुरू
खाते 2 तासात परत मिळेल 100% गॅरंटी. फक्त 2500/- आधी. इनबॉक्स करा.

सातपुड्याची_पोर
आला बघा दुसरा. कुणी इनबॉक्स करू नका, हे लोक हॅक झालेल्या माणसांनाच शोधत फिरतात. पैसे घेतात, वर ओटीपी मागतात. संपादक, या आयडीचं काहीतरी करा.

संपादक मंडळ
आयडी बंद केला आहे. धाग्यावर कुणीही मोबाइल नंबर टाकू नयेत.

मिरचीवाला_नंदुरबार
आमच्याकडे उलटं झालं होतं. पेज नाही, जीमेलच गेला. परत मिळाला, पासवर्ड बदलला, टू-स्टेप लावलं, सगळं झालं म्हणून आम्ही निवांत. पण व्यापाऱ्यांच्या मेल येईनात. मुलीने बघितलं तर त्या माणसाने जीमेलच्या सेटिंगमध्ये फिल्टर करून ठेवलेला. 'पेमेंट' आणि 'बिल' शब्द असलेली प्रत्येक मेल त्याच्याकडे पुढे जायची आणि आमच्या इनबॉक्समधून गायब व्हायची. पासवर्ड बदलला तरी फिल्टर जागचा हलत नाही. तेव्हा जीमेल मिळाला की फॉरवर्डिंग आणि फिल्टर दोन्ही बघा, रिकव्हरीचा नंबर नि ईमेलही तुमचाच आहे ना ते बघा.

तापीकाठ
+1. हा मुद्दा फार लोकांच्या ध्यानात येत नाही.

बिबडेवाली
थोडी प्रगती, थोडी फजिती.

जीमेल मिळाला, फिल्टर वगैरे काही नव्हतं. मेल शोधण्याआधीच भाच्याने facebook.com/hacked वरून आधार कार्डाचा फोटो पाठवून दिला. तो नामंजूर. का, तर साहेबांचं फेसबुकवरचं नाव 'बिनधास्त राजे' आहे आणि आधारवर अर्थातच वेगळं.

भुसावळ_जंक्शन
राजे, आधार केंद्रात जाऊन नाव बदलून घ्या. बिनधास्त.

आप्पा_धुळेकर
आम्ही सांगत होतो, खऱ्या नावानेच खाते काढावे. बँकेत असे चालत नाही.

सातपुड्याची_पोर
आप्पा या वेळी पूर्ण बरोबर. 😂

तापीकाठ
नावाचा घोळ फार जणांचा असतो. आता सारखा आधार पाठवत बसू नका. लॅपटॉपवरून ती मेल शोधा आणि त्यातला दुवा उघडा. तो दुवा फार दिवस चालेलच असं नाही, म्हणून आजच. तेही नाही जमलं तर तुमच्या आयडीवरून मेटाच्या बिझनेस मदत विभागात जा, कारण जाहिरात खात्यावर तुमचं नाव आहे. पेज कुणाचं हे सिद्ध करायला धंद्याचे कागद लागतील. उद्यम नोंदणी, जीएसटी असेल तर ते, अन्न परवाना. कागदावरचं नाव आणि पेजचं नाव जुळतंय ना ते आधी बघून घ्या.

आणि तिथेही दाद लागली नाही तर आपल्याकडे एक पायरी आहे. कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची, आणि त्यांचा निर्णय पटला नाही तर 30 दिवसांच्या आत gac.gov.in वर अपील. सरकारने 2023 मध्ये या अपील समित्या नेमल्या आहेत. वेळ लागतो, पण फुकट आहे.

खापरावरची_पोळी
अवांतर: बिबडे ज्वारीचेच करता ना? आमच्या सासूबाई जळगावकडच्या, त्यांच्या हातचे बिबडे खाल्ल्यापासून बाजारचे आवडत नाहीत. पेज परत आलं की इथे दुवा द्या.

बिबडेवाली
ज्वारीचेच, लसूण-तीळ घालून. 🙂

मेल सापडली! सोशलच्या टॅबमध्ये सेलच्या मेलखाली दबलेली. दुकानाच्या लॅपटॉपवर दुवा उघडला. नवा पासवर्ड ठेवायला लावला, मग अलीकडचे बदल एकेक दाखवले, त्यावर 'हे मी नाही' म्हणत गेलो. आयडी परत आला! इन्स्टाचीही तशीच मेल होती, तेही मिळालं. पेजवरच्या घाणेरड्या पोस्ट उडवल्या. आता भाचा म्हणतो झालं, टू-स्टेप परत चालू करतो.

तापीकाठ
थांबा!! टू-स्टेप सगळ्यात शेवटी. आत माणूस असताना बाहेरून कुलूप लावल्यासारखं होईल ते. आधी त्याला बाहेर काढा.

भाच्याच्या आयडीत बसून अकाउंट्स सेंटर उघडा. तिथे 'कुठे लॉगिन आहे' ही यादी असते, त्यातली सगळी यंत्रं बाहेर काढा, फक्त समोरचा लॅपटॉप ठेवा. मग टू-स्टेपच्या पानावर बघा, एखादं ऑथेंटिकेटर अ‍ॅप आधीच नोंदलेलं दिसेल. ते त्याचं आहे. काढा. जुने रिकव्हरी कोड असतील तर नवे काढा, म्हणजे जुने रद्द होतात. संपर्काच्या यादीत अनोळखी ईमेल किंवा नंबर राहिलाय का ते बघा. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात: अकाउंट्स सेंटरमध्ये वर कोणकोणती खाती जोडलेली दिसतात? तिथे हॅकर आपलंच एखादं इन्स्टा खातं जोडून ठेवतो आणि मागच्या दाराने परत येतो.

एवढं करून सांगा, मग पेजकडे जाऊ.

बिबडेवाली
अंगावर काटा आला. अ‍ॅप नोंदलेलं होतं. आणि अकाउंट्स सेंटरमध्ये कुणा परदेशी मुलीचा फोटो असलेलं एक इन्स्टा खातं खरंच जोडलेलं होतं! दोन्ही काढलं. सगळीकडून लॉगआउट केलं.

गिरणामाय
हे मला माहीतच नव्हतं. मेव्हण्याला सांगतो, त्याचं पेज महिन्याभरात दुसऱ्यांदा गेलं होतं.

तापीकाठ
म्हणजे कारण बहुधा हेच.

आता बिझनेस पोर्टफोलिओ, म्हणजे ज्याला पूर्वी बिझनेस मॅनेजर म्हणायचे ते. सेटिंगमध्ये 'लोक' आणि 'भागीदार' अशा दोन वेगळ्या याद्या आहेत. सगळे 'लोक' तेवढे बघतात. भागीदार म्हणजे दुसरी अख्खी कंपनी, जिला तुमचं पेज किंवा जाहिरात खातं वापरायला दिलंय. तिथे अनोळखी नाव दिसलं तर काढा. पाठवलेली पण अजून न स्वीकारलेली आमंत्रणंही रद्द करा. सिस्टम यूजर म्हणून एक भाग असतो, तुमच्यासारख्या धंद्याला तिथे काहीच असायला नको. मग खुद्द पेजच्या अधिकारांची यादी वेगळी बघा, ती पोर्टफोलिओच्या यादीपेक्षा निराळी असू शकते.

घाई अशासाठी की नव्याने पूर्ण अधिकार मिळालेल्याला जुन्यांना काढायला सात दिवस थांबावं लागतं. म्हणजे त्याने घुसवलेली माणसं अजून तुमच्या भाच्याला काढू शकत नसतील. आठवडा उलटला की काढतील.

बिबडेवाली
लोकांमध्ये दोन अनोळखी, दोघांनाही पूर्ण अधिकार. भागीदारांत एक. सगळे काढले. भागीदारांत आणखी एक नाव होतं, ते ओळखीचं निघालं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या जाहिराती करून दिलेली इथलीच एजन्सी. त्यांचं काम कधीच संपलंय, त्यांनाही काढलं.

आता मूळ प्रश्न. टू-स्टेप असताना गेलं कसं? आणि आम्ही चौघं पेज बघतो: मी, भाचा, जाऊबाई, आणि पॅकिंगला येणारी मुलगी. इन्स्टाचा पासवर्ड चौघांकडे आहे. हे कसं नीट करू?

सातपुड्याची_पोर
गेलं कसं याचं मी सांगते, आमच्या ऑफिसात हेच प्रशिक्षण झालंय. भाच्याने जे पान उघडलं ते नकली होतं. त्याने पासवर्ड टाकला की पलीकडच्याने तो त्याच क्षणी खऱ्या फेसबुकवर टाकला. फेसबुकने खराच एसएमएस पाठवला. भाच्याने तो कोडही नकली पानावर दिला, पलीकडच्याने तो खऱ्यावर टाकला. कोडने आपलं काम चोख केलं, फक्त चुकीच्या माणसासाठी. म्हणून एसएमएसच्या जागी अ‍ॅप वापरा, मग असं होत नाही.

तापीकाठ
शेवटचं वाक्य सोडून सगळं बरोबर. अ‍ॅपमधला कोडही नकली पानावर टाकला तर तसाच जातो. तो 30 सेकंदांनी बदलतो, पण चोराला तेवढा वेळ पुरतो. अ‍ॅपचा फायदा वेगळा: सिम कुणी आपल्या नावावर फिरवून घेतलं, किंवा एसएमएस आलाच नाही, तर अडत नाही. नकली पानापासून खरोखर वाचवते ती सिक्युरिटी की किंवा पासकी, कारण ती पत्ता तपासते. पान facebook.com नसेल तर ती उत्तरच देत नाही, माणूस फसला तरी. निदान पूर्ण अधिकारवाल्या दोघांनी तरी ती घ्यावी.

आणि क्रॅक केलेलं व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर असेल तर काढा. त्यातून ब्राउझरमधलं चालू लॉगिनच चोरलं जातं. तिथे कोड विचारलाच जात नाही, टू-स्टेप कुठलंही असो.

मिरचीवाला_नंदुरबार
तुमचं तंत्र बरोबर असेल, पण माझं मत एसएमएसच बरं. मी मिरचीच्या मोसमात मोबाइल दोनदा फोडलाय. अ‍ॅप गेलं की मी बाहेर. सिम काय, दुसऱ्या फोनमध्ये टाकलं की चालू.

तापीकाठ
त्यावर उपाय आहे. अ‍ॅप लावताना जो क्यूआर येतो, तो एकाच वेळी दोन फोनवर स्कॅन करा. दोन्हीवर तोच कोड दिसतो. आणि फेसबुक दहा रिकव्हरी कोड देतं, एकेक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून कपाटात. मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट ठेवून उपयोग नाही, मोबाइलच हरवला तर तो कुठून काढणार?

मिरचीवाला_नंदुरबार
कपाटातला कागद मी नक्की हरवणार. एसएमएस.

आप्पा_धुळेकर
लॉकर घ्यावे.

भुसावळ_जंक्शन
पहिले पैसा वाचाडा, मंग कागद! आप्पा, या धाग्यावर तुम्हीच एकटे सुरक्षित आहात.

तापीकाठ
ताई, चौघांचं असं करा. पूर्ण अधिकार फक्त दोघांना, तुम्ही आणि भाचा. एकालाच ठेवलं तर आत्ता झालं तसं होतं, चौघांना ठेवलं तर चार दारं. जाऊबाई आणि पॅकिंगवाली मुलगी यांना त्यांच्या स्वतःच्या आयडीवरून कामापुरता अधिकार. मुलीला फक्त मेसेज, जाऊबाईंना मेसेज आणि पोस्ट. इन्स्टाचा पासवर्ड बदला आणि तो तुमच्याशिवाय कुणाकडे नको. बाकीचे इन्स्टाचे मेसेजही बिझनेस सूटमधूनच बघतील, पासवर्ड लागत नाही. उद्या मुलीने काम सोडलं तर एक नाव काढायचं, बस. पोर्टफोलिओच्या सुरक्षेच्या भागात 'सगळ्यांना टू-स्टेप सक्तीचं' असा पर्याय आहे, तो चालू करा. ज्यांनी लावलं नाही ते लावेपर्यंत आत येऊ शकत नाहीत.

एजन्सी घेतलीत तर भागीदार म्हणून, तेही फक्त जाहिरात खात्यापुरती. पासवर्ड मागणारी एजन्सी घेऊच नका.

बिबडेवाली
केलं. जाऊबाईंचं अ‍ॅप काही केल्या चालेना, कोड दर वेळी चुकीचा. शेवटी लक्षात आलं, त्यांच्या मोबाइलचं घड्याळ पाच मिनिटं पुढे. सकाळी उठायला म्हणून मुद्दाम ठेवलेलं! वेळ आपोआपवर टाकली, चालू झालं. पासकीचं भाच्याने त्याच्या मोबाइलवर केलं, माझं राहिलंय.

जाहिरात खातं मात्र अजून बंद आहे. त्या डॉलरच्या जाहिरातींमुळे निर्बंध घातलेत. फेरतपासणीचा अर्ज दिलाय, उत्तर नाही. बँकेने वादाची नोंद घेतली आहे, पण म्हणतात की कोड तुमच्याच माणसाने दिला. मी म्हणते तो कोड फेसबुकचा होता, कार्डाचा ओटीपी कुणी दिलाच नाही.

सातपुड्याची_पोर
हेच वाक्य लेखी द्या. कार्डाचा ओटीपी कुणालाही दिलेला नाही, कार्ड बंद करायला कधी फोन केला, 1930 चा तक्रार क्रमांक. शाखेत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

तापीकाठ
जाहिरात खात्याचं मी खात्रीने काही सांगू शकत नाही. काहींचं सुटतं, काहींना नवं काढावं लागलं. फेरतपासणीत सायबर तक्रारीची प्रत जोडलीत का? नसेल तर जोडून परत द्या. तोवर पेजवर साध्या पोस्ट टाकत राहा, त्याला जाहिरात खातं लागत नाही.

खापरावरची_पोळी
मग दुवा द्या की. दोन किलो बिबडे नाशिकला पाठवता का?

बिबडेवाली
पाठवते, पण पत्ता इथे टाकू नका, पेजवर मेसेज करा. उत्तर पॅकिंगवाली मुलगी देईल, तिला आता तेवढाच अधिकार आहे. 😄